मराठीत ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ कसे म्हणावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शिकणारे प्रौढ, परदेशात मुले वाढवणारे पालक आणि कार्यालयात पत्रे व सूचना लिहिणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बोलण्यातली उदाहरणे बोलीच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. ‘प्लीज’साठी मराठीत नेमका शब्द कोणता?

लिहिण्यात ‘कृपया’ आहे. बोलण्यात मात्र सर्व प्रसंगांना पुरेल असा एक शब्द नाही आणि त्याची उणीवही भासत नाही, कारण विनंतीचा भाव क्रियापदाच्या रूपातून, त्याच्या मागेपुढे येणाऱ्या ‘जरा’, ‘ना’, ‘हं’ अशा लहान शब्दांतून आणि आवाजाच्या चढउतारातून व्यक्त होतो. ‘कृपया’ हा फलकांचा, घोषणांचा आणि निमंत्रणपत्रिकांचा शब्द आहे. घरी जेवायला बसल्यावर कोणी ‘कृपया मीठ दे’ म्हणाले, तर वाक्यात चूक काही नसते, पण पंक्तीत एखादी जाहीर सूचना वाचून दाखवल्यासारखे वाटते. तेथे ‘मीठ दे ना जरा’ एवढे पुरते, आणि त्यात सौजन्याची काहीही कमतरता नसते.

२. ‘द्या’, ‘देता का’, ‘द्याल का’, ‘मिळेल का’ या सगळ्यांचा अर्थ एकच असेल, तर कोणते कधी वापरावे?

मागणी तीच असली, तरी ऐकणाऱ्याला नकार देण्यासाठी किती जागा सोडली आहे, यावर या रूपांतला फरक ठरतो. ‘द्या’ हा सरळ आज्ञार्थ आहे. तो उद्धट नव्हे, कारण त्यातले आदरार्थी अनेकवचन सौजन्याचे बरेचसे काम करते. दुकानात ‘अर्धा किलो साखर द्या’ असेच म्हणतात आणि दुकानदाराला त्यात काही खटकत नाही. जे देणे हे समोरच्याचे कामच आहे, तेथे अधिक मऊ रूपाची गरज नसते.

‘देता का’ किंवा ‘देतोस का’, ‘देतेस का’ हा वर्तमानकाळी प्रश्न लहान आणि हाताशी असलेल्या गोष्टीसाठी येतो: ‘जरा तो पेपर देता का?’ उत्तर होकारार्थीच येणार, असे बोलणारा धरून चालतो. ‘द्याल का’ किंवा ‘देशील का’ हा भविष्यकाळी प्रश्न ऐकणाऱ्याला विचार करायला अवधी देतो, म्हणून ज्या कामात त्याचा वेळ, पैसा किंवा कष्ट जाणार आहेत, त्यासाठी तो योग्य असतो. ‘द्याल तर बरं होईल’ या रूपात तर प्रश्नही उरत नाही. बोलणारा केवळ आपली अडचण मांडतो.

‘मिळेल का’ हे रूप मला या सर्वांत सुंदर वाटते. समजा, माळ्यावरचे सामान काढायचे आहे आणि शेजारच्या काकांकडे शिडी आहे. काका शिडी हातात धरून उभेच असतील, तर ‘द्या काका’ म्हणण्यात काही वावगे नाही. पण त्यांच्या दाराशी जाऊन आपण म्हणतो, ‘काका, शिडी मिळेल का जरा? तासाभरात आणून देतो.’ या वाक्यात देणारा कोठेच नाही. शिडी मिळणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. म्हणून काकांना नाही म्हणायचे असेल, तर ‘अरे, ती वरच्या मजल्यावर गेली आहे’ असे सांगता येते. नकार काकांनी दिला असे होत नाही, शिडी मिळाली नाही एवढेच होते. ‘काका’ या हाकेने नाते जोडले, ‘जरा’ने मागणी लहान केली आणि परत आणून देण्याच्या शब्दाने त्यांची काळजी मिटवली. ‘प्लीज’ने जे काही साधले असते, ते सारे या दोन लहान वाक्यांत आले आहे.

३. ‘ना’, ‘की’, ‘हं’, ‘हो’ आणि ‘जरा’ यांत काय फरक आहे?

‘जरा’ क्रियापदाच्या आधी किंवा वाक्याच्या शेवटी येतो. त्याचा अर्थ ‘थोडे’ असा असला, तरी विनंतीत तो प्रमाण दाखवत नाही. ‘जरा थांबा’ असे ऐकून अर्धा तास थांबावे लागले, हा अनुभव सर्वांचाच आहे. ‘तेवढं’ हा त्याचाच भाऊबंद: ‘तेवढं दार लोटून घ्या.’

बाकीचे शब्द क्रियापदानंतर येतात. ‘ना’ आर्जव करतो आणि ‘प्लीज’च्या सर्वांत जवळचा आहे. ‘की’मध्ये आग्रह असतो आणि थोडा हक्कही. कोल्हापूर-सातारा भागात पाहुण्याला ‘बसा की’, ‘घ्या की अजून’ असे म्हणतात, तेव्हा त्यात यजमानाचा जिव्हाळा असतो. ‘हं’ आठवण करून देतो किंवा वाक्याची धार घालवतो: ‘सांभाळून जा हं.’ ‘हो’ हा ‘तुम्ही’ म्हणण्याजोग्या माणसाची मनधरणी करतो: ‘सांगा हो!’ ‘तू’ म्हणण्याजोग्या माणसासाठी त्याच जागी ‘रे’ किंवा ‘गं’ येते. शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की कार्यालयातल्या अनोळखी अधिकाऱ्याशी बोलताना ‘जरा’ चालतो, पण ‘ना’ आणि ‘की’ सलगीचे वाटतात.

४. शब्द तेच असूनही कधी विनंती आणि कधी खेकसणे का वाटते?

याचे कारण सूर. ‘दे ना’ म्हणताना ‘ना’ लांबवला आणि आवाज हळूच उतरवला, तर ते आर्जव होते. तेच ‘दे’वर जोर देऊन ‘ना’ तोडून टाकला, तर ‘किती वेळ मागतो आहे!’ असा वैताग त्यातून बाहेर पडतो. ‘बसा’ हा शब्दही शेवटचा स्वर थोडा लांबवून म्हटला की स्वागत होते, आणि आखूड म्हटला की शिक्षकाची आज्ञा होते.

लेखी संदेशात हा सूर पोहोचत नाही, म्हणून तेथे बोलण्यापेक्षा अधिक शब्द लागतात. सहकाऱ्याला फोनवर ‘फाइल पाठव’ असे हसत म्हणता येते, पण तोच संदेश लिहून पाठवला तर तो कोरडा हुकूम ठरू शकतो. ‘फाइल पाठवतोस का? दुपारी लागणार आहे’ असे लिहिले, की प्रश्नार्थी रूप आणि दिलेले कारण मिळून सुराची भरपाई करतात.

५. मराठी माणसे आईला ‘तू’ म्हणतात आणि ‘प्लीज’ही म्हणत नाहीत. हे असभ्य नाही का?

नाही. ‘तू’ जवळिकीचा आहे, आणि जवळीक व अनादर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक मराठी घरांत आईला आणि आजीला ‘तू’ म्हणतात, देवालाही ‘तू’च म्हणतात. वडिलांच्या बाबतीत घरोघरी वेगळी रीत आहे. कोठे ‘अहो बाबा’, तर कोठे ‘ए बाबा’. ‘आई, पाणी दे ना’ यात ‘आई’ ही हाक आणि ‘ना’ यांनी आदर व विनंती दोन्ही साधतात. सासरच्या वडीलधाऱ्या माणसांना, शिक्षकांना आणि अनोळखी प्रौढांना मात्र ‘तुम्ही’च म्हणावे, आणि सभेत किंवा पत्रात ‘आपण’. भाजीवाली, रिक्षाचालक, घरकामाला येणाऱ्या बाई यांना ‘तू’ म्हणण्याची सवय अनेकांना असते. ती जवळीक नव्हे, कारण समोरच्या माणसाला उलट ‘तू’ म्हणण्याची मुभा नसते. अशा वेळी ‘मावशी’, ‘दादा’ अशी हाक आणि ‘तुम्ही’ हेच योग्य.

६. फलकावर ‘हॉर्न वाजवू नये’, ‘चपला बाहेर काढाव्यात’ असे लिहितात. त्यात ‘कृपया’ नसेल तर ते उद्धट ठरते का?

ठरत नाही. ‘काढाव्यात’ हे शालेय व्याकरणात विध्यर्थ म्हणून शिकवलेले रूप आहे आणि ‘वाजवू नये’ हा त्याचाच नकार. आज्ञार्थ समोरच्या माणसाकडे बोट दाखवतो. विध्यर्थ ‘असे होणे योग्य आहे’ एवढेच सांगतो. ‘चपला काढाव्यात’ या वाक्यात क्रियापद चपलांप्रमाणे चालते, काढणाऱ्याप्रमाणे नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला हुकूम दिल्यासारखे होत नाही.

हे रूप जुने आहे. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानेश्वर देवाकडे मागणे मागतात, तेही याच रूपात: ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें । तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥’ एवढ्या मोठ्या मागण्यात ‘कृपा कर’ असा वेगळा शब्द आलेला नाही. सारी विनवणी ‘तोषावें’ आणि ‘द्यावें’ या दोन क्रियापदांनी पेलली आहे. म्हणून फलक लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की ‘कृपया’ घालून खाली ‘काढा’ लिहिण्यापेक्षा ‘काढाव्यात’ लिहिणे अधिक मराठी आहे. दोन्ही एकत्र लिहिले, तरी चूक नाही.

७. अर्जात ‘कृपया मला दाखला द्या’ असे लिहिले तर चालेल का?

अर्थ कळेल, पण अर्ज वाचणाऱ्याला ते खडबडीत वाटेल, कारण ‘द्या’ हा आज्ञार्थ ‘कृपया’ने झाकला जात नाही. अर्जाची मराठी रीत प्रश्न २ मधल्या शिडीसारखीच आहे, म्हणजे देणाऱ्याला वाक्यातून बाजूला ठेवायचे. विषयाच्या ओळीत ‘रहिवासी दाखला मिळणेबाबत’ असे येते, मजकुरात कारण येते आणि शेवटी मागणे: ‘तरी मला रहिवासी दाखला मिळावा, ही विनंती.’ अधिकाऱ्याने काही करावे असे थेट म्हणायचेच असेल, तर ‘माझी दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती’ असे लिहावे. ‘करावी, ही विनंती’ पुरेसे असताना ‘करण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती’ असे थर चढवल्याने सौजन्य वाढत नाही, फक्त मुख्य मागणी शोधायला वेळ लागतो.

८. ‘कृपया करून’ बरोबर की ‘कृपा करून’?

‘कृपा करून’. ‘कृपया’ हे ‘कृपा’ या शब्दाचे संस्कृतातले तृतीयेचे रूप आहे, म्हणजे त्याचाच अर्थ ‘कृपेने’. त्याला पुन्हा ‘करून’ जोडता येत नाही.

९. मग ‘सॉरी’साठी काय म्हणावे? ‘माफ करा’ फार जड वाटते.

जड वाटते, कारण ते जडच आहे. इंग्रजीतून आलेला ‘सॉरी’ अनेक वेगवेगळी कामे करतो आणि मराठीत त्या प्रत्येक कामाला वेगळे वाक्य आहे. गर्दीत कोणाला धक्का लागला, तर ‘लागलं का हो?’ असे विचारतात. यात चूक मान्य करणे गृहीत आहे आणि लक्ष समोरच्याच्या दुखण्याकडे आहे. नीट ऐकू आले नाही, तर ‘काय म्हणालात?’ किंवा ‘पुन्हा सांगता का?’ वाट हवी असेल, तर ‘जरा जाऊ देता का?’ उशिरा पोहोचलो, तर ‘उशीर झाला हं, खूप वेळ थांबलात का?’ कोणाच्या घरी मृत्यू झाल्याचे कळले, तर ‘ऐकून फार वाईट वाटलं.’ येथे ‘माफ करा’ म्हणणे साफ चुकीचे होईल, कारण त्या दुःखात आपला दोष नसतो.

खरोखर चूक झाली असेल, तेव्हा ‘चुकलं माझं’ हे मराठीतले सर्वांत सरळ वाक्य आहे. समोरच्याच्या मनाला लागेल असे काही बोलायचे असेल किंवा बोलून झाले असेल, तर ‘राग मानू नका’, ‘वाईट वाटून घेऊ नका’ असे म्हणतात. ‘माफ करा’ हे दोन टोकांना वापरले जाते. एक म्हणजे गंभीर अपराध, आणि दुसरे म्हणजे औपचारिक मतभेद: ‘माफ करा, पण मला हे पटत नाही.’ या दोहोंच्या मधल्या विस्तृत पट्ट्यात वरची लहान वाक्येच चालतात.

१०. ‘राहून गेलं’, ‘विसरायला झालं’ असे म्हणणे म्हणजे जबाबदारी टाळणे नाही का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे एकच उत्तर देता येत नाही. मराठीत नकळत घडलेल्या गोष्टीसाठी कर्ता मागे ठेवण्याची रीत आहे. ‘तुमचं काम राहून गेलं’ म्हणजे ‘मी ते मुद्दाम टाळले नाही’. किरकोळ गोष्टीत ऐकणाऱ्याला एवढे पुरते, आणि त्यामागोमाग ‘आज करतो’ असे आले की विषय संपतो. ‘माझ्या हातून फुटलं’ या वाक्यात हेतू नव्हता हे कळते, पण हात कोणाचा तेही कळते. माझ्या मते रोजच्या माफीसाठी ही सर्वांत समतोल रचना आहे.

परंतु समोरच्याचे खरे नुकसान झाले असेल, तेव्हा कर्ता लपवू नये. ग्राहकाची रक्कम चुकीच्या खात्यात गेली आणि पत्रात ‘तांत्रिक कारणास्तव आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याचा राग वाढतो, कारण चूक कोणाची आणि पुढे काय होणार, हे दोन्ही त्यात नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘आपला खाते क्रमांक नोंदवताना आमच्याकडून चूक झाली. रक्कम शुक्रवारपर्यंत आपल्या खात्यात जमा करू. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही आपली माफी मागतो.’ पहिल्या वाक्यात चूक, दुसऱ्यात भरपाई आणि माफी त्यानंतर. हा क्रम उलटा केला, तर माफी रिकामी वाटते.

११. ‘मी क्षमस्व आहे’ असे अनेक जण लिहितात. ते बरोबर आहे का?

नाही. ‘क्षमस्व’ हे संस्कृत क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे आणि त्याचा अर्थ ‘क्षमा कर’. त्यामुळे ‘उत्तरास विलंब झाला, क्षमस्व’ हे बरोबर आणि ‘मी क्षमस्व आहे’ हे निरर्थक. ‘दिलगीर’ हे मात्र विशेषण आहे, म्हणून ‘मी दिलगीर आहे’ चालते. ‘दिलगिरी’ हे नाम आहे, ती ‘व्यक्त’ करावी लागते. बोलताना हे तिन्ही शब्द अवघडल्यासारखे वाटतात. ते पत्रासाठी आणि घोषणेसाठीच ठेवावेत.

१२. कोणाला पाय लागला तर काही न बोलता हात लावून नमस्कार करतात, तो कशासाठी?

ती माफीच आहे. पाय लागलेल्या माणसाला हाताने स्पर्श करून तो हात स्वतःच्या छातीला किंवा कपाळाला लावतात. पुस्तकाला पाय लागला, तरी असेच करतात. या कृतीनंतर ‘सॉरी’ म्हणण्याची गरज नसते. कृती न करता नुसते ‘सॉरी’ म्हटले, तर जुन्या वळणाच्या माणसांना ते अपुरे वाटते.

१३. जवळच्या माणसाला ‘सॉरी’ किंवा ‘थँक्यू’ म्हटले की ‘मी काय परका आहे का?’ असे का विचारतात?

कारण स्वतंत्र सौजन्यशब्द अंतर सुचवतो. बहिणीने डबा पाठवला आणि आपण ‘धन्यवाद’ म्हणालो, तर तिने केलेले काम हिशेबात धरल्यासारखे होते. तेथे ‘भाजी काय झाली होती गं!’ हीच पोच असते. तसेच भावाशी भांडण झाल्यावर ‘सॉरी’ऐवजी ‘जेवलास का?’ असे विचारले जाते आणि दोघांनाही त्याचा अर्थ कळतो. मात्र हे दोघांनाही ही रीत ठाऊक असेल, तेव्हाच चालते. घरात आलेल्या सुनेला किंवा जावयाला वेगळी सवय असेल आणि शब्दांवाचून त्यांना तुटकपणा जाणवत असेल, तर शब्द उच्चारणे हेच सौजन्य आहे.

१४. आमची मुले परदेशात वाढतात. ती आजीला ‘मला पाणी दे’ म्हणतात, तर शाळेतले ‘प्लीज’ मराठीत कसे शिकवावे?

‘मला पाणी दे, प्लीज’ असे पाठ करून घेण्याऐवजी वाक्याची शेवटची दोन अक्षरे बदलायला शिकवावीत. ‘पाणी दे ना’, ‘पाणी देतेस का?’ एवढे आले, की आजीसाठी सारे काही आले. शेजारच्या काकूंसाठी ‘पाणी देता का?’ किंवा ‘पाणी मिळेल का?’ शिकवावे. मुले नियमापेक्षा नमुना लवकर उचलतात, म्हणून पालकांनीच घरात मुलांशी ‘दप्तर उचलतोस का जरा?’ असे बोलावे. सतत ‘दप्तर उचल’ ऐकणारे मूल तेच रूप आजीला परत करते. मूल आधीच ‘प्लीज’ म्हणत असेल, तर त्याला रोखू नये. प्रश्न १७ पाहावा.

१५. ‘आपण सांगू शकाल का?’ हे रूप नम्र आहे ना?

नम्र आहे आणि कार्यालयीन लिखाणात आता रुळलेही आहे. तरीही ‘शकणे’ हे क्रियापद क्षमतेबद्दल विचारते. म्हणून ‘वेळ सांगू शकाल का?’ यापेक्षा ‘वेळ सांगाल का?’ हे अधिक सहज आहे. जेथे क्षमतेचाच प्रश्न आहे, उदाहरणार्थ ‘उद्यापर्यंत हे पूर्ण करू शकाल का?’, तेथे ‘शकाल’ अगदी योग्य.

१६. मी नवऱ्याला ‘आपण जरा बाजूला व्हाल का?’ असे नम्रपणे म्हटले, तर तो चिडला. का?

कारण नात्याला नेहमी शोभणाऱ्या रूपापेक्षा तुम्ही दोन पायऱ्या वर गेलात. रोज ‘सरक ना’ म्हणणारे माणूस अचानक ‘आपण व्हाल का’ म्हणाले, की ऐकणारा त्यात टोमणा शोधतो, आणि बहुतेकदा तो असतोही. ‘या साहेब!’ हे उशिरा घरी आलेल्या मुलाला म्हटले जाते, तेव्हा त्यात आदर नसतो. म्हणून ‘जितके वरचे रूप, तितके अधिक सौजन्य’ हा नियम शिकणाऱ्यांनी धरू नये. त्या दोघांत रोज जे रूप चालते त्याच्याशी ताडून पाहावे, आणि नरमाई हवी असेल तर रूप न बदलता ‘जरा’ किंवा ‘ना’ जोडावा.

१७. शेवटी, मराठी बोलताना ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ वापरणे चूक आहे का?

चूक नाही. ‘सॉरी हं’, ‘प्लीज ना’ अशी रूपे शहरांत आणि गावांतही सर्रास ऐकू येतात, आणि त्यांना ‘हं’ व ‘ना’ जोडले जातात, याचा अर्थ ते मराठीच्या चालीत बसले आहेत. ‘चुकलं माझं’पेक्षा हलकी आणि गप्प राहण्यापेक्षा बरी अशी लहानशी माफी ‘सॉरी’ने सहज देता येते.

अडचण एकाच ठिकाणी येते. हे शब्द चुकलेले क्रियापद दुरुस्त करत नाहीत. खिडकीपाशी बसलेल्या वयस्क कारकुनाला ‘प्लीज, फॉर्म दे’ म्हटले, तर ‘प्लीज’ असूनही ते उद्धटच ठरते. ‘एक फॉर्म द्या’ म्हटले, तर त्यात ‘प्लीज’ नसले तरी काही बिघडत नाही.